कऱ्हाडचा माल दिसत नाही

कामासाठी स्टार्टअपच्या संस्थापकाला थेट मेसेज लिहायचा म्हणजे आधी त्याचं ॲप गिऱ्हाईक होऊन वापरायचं, ही माझी पहिली अट. अनुभव, डिग्री, "तुमच्या प्रवासाने प्रेरित झालो" हे सगळं त्याच्या इनबॉक्समध्ये रोजच येऊन पडतं. ते मी लिहीत नाही.

एक उदाहरण घेऊ. शेतमाल विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारं ॲप. विकणारा आपल्या गावाचं नाव फोनवर स्वतः टाईप करतो, घेणारा तेच नाव सर्चमध्ये टाकतो. मी 'कऱ्हाड' शोधलं तर आल्याचे चार विक्रेते दिसले. दुसऱ्या कीबोर्डवरून तेच नाव टाकलं तर उत्तर आलं, "या गावात सध्या माल उपलब्ध नाही." पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

कारण आत आहे. या नावातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही, त्यामुळे "आम्ही नॉर्मलाइज करतो" एवढ्यावर विसंबता येत नाही.

एवढं कळलं की हात शिवशिवतात: 'तुमचा सर्च बिघडलाय' असं लिहावं. पण संस्थापकाचं दुखणं अर्ध्या र चं नाही. ॲप म्हणतं माल नाही, म्हणून घेणारा निघून जातो; विकणाऱ्याला वाटतं, या ॲपवर गिऱ्हाईकच नाही. दोघंही तक्रार करत नाहीत, म्हणून हे कस्टमर केअरच्या नोंदीत कधी येणारच नाही. धंदा कुठे गळतोय हे सांगता आलं, तरच त्याचं ॲप आपल्याला कळलं असं मी मानतो. मेसेज साधारण असा:

"नमस्कार. तुमच्या ॲपवर 'कऱ्हाड' शोधलं तर चार विक्रेते दिसतात. हेच नाव दुसऱ्या कीबोर्डने लिहिलं तर 'माल उपलब्ध नाही' येतं. दोन्ही स्क्रीनशॉट जोडले आहेत. बाहेरून पाहता हा र च्या दोन लेखनांचा प्रश्न वाटतो. तसं असेल तर गुऱ्हाळ, पऱ्हाटी या शब्दांनाही तेच होईल. शोधासाठी रूपांतराचा नियम आणि तपासणीच्या शब्दांची यादी मी देऊ शकतो. तुमचा कोड पाहण्याची गरज नाही. यादी पाठवू का?"

'वाटतो' हे क्रियापद मी मुद्दाम ठेवतो. जे पाहिलं ते ठामपणे, कारण मात्र अंदाज म्हणून. त्यांचा सर्व्हर मी पाहिलेला नाही आणि संस्थापकाला ते माहीत असतं. शेवटचा प्रश्नही असा की दोन बैठकांच्या मधे फोनवरून 'हो' म्हणता येईल. 'कॉलवर बोलूया का' याला उत्तर द्यायचं तर कॅलेंडर उघडावं लागतं, आणि मेसेज तिथेच मरतो.

देऊ केलेली मदत नेमकी हवी, कारण हा उपाय सोपा दिसतो आणि तिथेच चुकतो. न दिसणारं चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे ते 'आचार्यांना' जातील. म्हणून आधी बदल, मग पुसणं:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = s.replace("\u200d", "")
```

हे फक्त शोधासाठी ठेवलेल्या प्रतीवर करायचं. विक्रेत्याने लिहिलेलं नाव जसंच्या तसं दिसलं पाहिजे. आणि साठवलेल्या नावांवर व टाईप केलेल्या शब्दावर, दोन्हीकडे. एकाच बाजूला केलं तर आज सापडणारे विक्रेतेही गायब होऊ शकतात.

फुकट किती द्यायचं, यावर माझं गणित ठरलेलं आहे: निदान आणि यादी फुकट, जोडून देण्याचं काम पैसे घेऊन. एक अपवाद. ॲपमध्ये लोकांचे फोन नंबर उघडे पडलेले दिसले, तर ते फक्त कळवायचं, सोबत कामाची विचारणा करायची नाही. तिथे ती धमकीसारखी वाचली जाते, आणि वाचणाऱ्याचं चुकत नाही.

"धन्यवाद, टीमला कळवतो" असं उत्तर आलं की मी ते प्रकरण मिटलं समजतो. उलटा प्रश्न आला तर गोष्ट वेगळी. "आमच्याकडे इलास्टिकसर्च आहे, हे नेमकं कुठे बसवायचं?" असं कुणी विचारलं, तर यादीआधी मी एक ओळ पाठवतो: शब्द तोडण्याच्या आधीच्या टप्प्यावर, `char_filter` मध्ये, आणि जुनी नावं पुन्हा इंडेक्स करावी लागतील, त्याला किती वेळ लागेल ते तुमच्या नोंदी किती आहेत त्यावर.