पहिला अर्धा इंच

गच्चीवरच्या सोलरपासून न्हाणीघरापर्यंत आमचा पाऊण इंची जीआय पाइप पंधरा मीटर धावतो, तोही उघडाबोडका. त्यातून किती उष्णता जाते याचं गणित मांडून बसलो आणि थक्क झालो. पाणी 60 अंश, हवा 20 अंश, वारा जवळजवळ नाही, असं धरलं तर दर मीटरला साधारण 34 वॅट हवेत जातात. म्हणजे पूर्ण पाइपातून 500 वॅट!

आता यावर 13 मिलिमीटर जाडीची नायट्रिल रबराची नळी चढवली, तर हेच 34 वॅट 11 वर येतात. मग जाडी दुप्पट, 25 मिलिमीटर केली तर? मला वाटलं, निम्मे होतील. छे! फक्त 8 वर येतात. पहिल्या अर्ध्या इंचाने 23 वॅट वाचवले, पुढच्या अर्ध्या इंचाने जेमतेम 3. शिवाय जाडी वाढली की बाहेरचा घेरही वाढतो, म्हणजे हवेला उष्णता द्यायला जागा जास्त. बारीक पाइपाला म्हणूनच 13 पुरे. वाऱ्याच्या गच्चीवर फार तर 19.

आणि खरी गंमत वेळेची आहे. एक जण आंघोळ करून गेला, दुसरा चाळीस मिनिटांनी आला. तेवढ्यात उघड्या पाइपातलं पाणी 36 अंशांवर उतरतं, गुंडाळलेल्यातलं अजून 50 च्या आसपास असतं! पाइपात पाच लिटर पाणी मावतं; ते आता दर वेळी सोडून द्यावं लागत नाही. सकाळी दोन तास आंघोळी चालल्या, तर 23 गुणिले 15 मीटर गुणिले 2 तास, म्हणजे पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता वाचते. रात्रभर मात्र ही नळी पाणी गरम ठेवू शकत नाही. पहाटेपर्यंत पाइप गारच होणार.

रात्र सांभाळायची ती टाकीने. 200 लिटरच्या टाकीला सगळीकडून 50 मिलिमीटर पफ असेल, तर बारा तासांत पाणी फक्त दोन-तीन अंश उतरतं; उघडी टाकी 60 वरून 35 च्या खाली जाईल. तुमची टाकी रात्रीत दहा-बारा अंश गमावत असेल, आणि रात्री कोणी पाणी वापरलेलं नसेल, तर बाहेरच्या पत्र्यावरून हात फिरवून बघा. एखादी जागा कोमट लागली, तर तिथे पफमध्ये पावसाचं पाणी शिरलेलं असण्याची शक्यता दाट.

नळी बसवताना चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाऊस आत जात नाही. कडा सोल्यूशनने चिकटवा, एल्बो आणि व्हॉल्व्हवर तुकडे कापून बसवा. वरून ॲल्युमिनियमची टेप हवीच, नाहीतर उन्हाने रबर तडकतं.