न आलेला निरोप

बॅकअप या गोष्टीशी माझी ओळख झाली ती एका वहीतून. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी नोकरीला लागलो, तेव्हा दिवसाचे व्यवहार बंद झाले की सर्व्हरमध्ये तळहातावर मावेल एवढी डॅट टेप सरकवली जायची आणि रात्रभर तिच्यावर प्रत उतरायची. सकाळी सगळ्यांत आधी येत ते आमचे ज्येष्ठ ऑपरेटर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. टेप आपोआप बाहेर आली आहे का, हे ते पाहत. आली नसेल तर काम अर्धवट राहिलं असं समजायचं. मग ते टेपवरच्या फायलींची यादी पडद्यावर काढत आणि वहीत तारीख, टेपचा नंबर, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आकार असं सगळं लिहून पुढे सही करत.

त्या वहीचं मोल मला फार पुढे कळलं. टेप बिघडली तर वहीत तसा शेरा पडायचा, हे ठीकच. पण अण्णा आजारी पडले, रात्री वीज गेली, कुणी टेप घालायचंच विसरलं, तर त्या तारखेची ओळ कोरी राहायची, आणि कोरी ओळ दुपारी सहीला बसणाऱ्या मॅनेजरच्या डोळ्यांत खुपायची. काम न झाल्याचं कळायला काम करणाऱ्यानं काही सांगावं लागत नव्हतं.

पुढे टेपा गेल्या, क्रॉन आला, आणि वही बंद झाली. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेली आज्ञा चालवणारा लिनक्समधला कारकून. रात्री अडीचला स्क्रिप्ट चालते, डेटाबेसची प्रत काढते, ती दाबून लहान करते आणि दूरच्या साठवणीत चढवते. माणूस लागत नाही. पण क्रॉनचा एक स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. काम यशस्वी झालं की फसलं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते, शून्य म्हणजे ठीक आणि बाकी काहीही म्हणजे बिघाड. क्रॉन तो आकडा बघून काहीच करत नाही. स्क्रिप्टनं पडद्यावर काही लिहिलं असेल तर तेवढं तो ईमेलनं पाठवतो. ज्या मशीनवर मेल बाहेर पाठवण्याची व्यवस्था नाही, तिथे ते पत्र जातं त्या मशीनच्याच एका कोपऱ्यातल्या पेटीत, जी कुणी उघडत नाही. जिथे व्यवस्था आहे, तिथे रोज सकाळी ‘अपलोड पूर्ण’ अशी पत्रं येतात, आणि महिन्याभरात ती थेट एका फोल्डरमध्ये वळवली जातात. मग कुणीतरी कंटाळून आज्ञेच्या शेवटी `>/dev/null 2>&1` जोडतं. त्याचा अर्थ, जे काही बोलायचं असेल ते विहिरीत बोल. चुकांचे संदेशही त्यातच जातात.

अशीच एक ओळ मला एका संशोधन संस्थेत भेटली. तिथे हस्तलिखितांची सूची आणि प्रत्येक पानाचं लहान छायाचित्र पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. दाबलेली प्रत चार जीबीच्या आसपास भरायची. प्रती दूरच्या साठवणीत जायच्या आणि तीस दिवसांपेक्षा जुन्या प्रती तिथला नियम आपोआप पुसून टाकायचा. संस्थेचा हिशेब पाहणाऱ्या बाईंनी मला एकदा विचारलं, “सर, साठवणीचं बिल या महिन्यात निम्म्यावर कसं आलं? आपण काही बंद केलंय का?”

काहीच बंद केलेलं नव्हतं. यादी उघडली तर रोजची फाइल आपल्या जागी होती, तारीख बरोबर, नाव बरोबर. मात्र एका तारखेपासून पुढे प्रत्येक फाइलचा आकार होता २० बाइट. रिकामी गोष्ट `gzip`नं दाबली की तिचं वेष्टणच तेवढं भरतं. झालं होतं असं: सुरक्षेसाठी डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला, स्क्रिप्टकडे जुनाच राहिला. `pg_dump`ला आत प्रवेश मिळाला नाही, त्यानं चूक झाल्याचा संदेश लिहिला, तो विहिरीत गेला. त्याच्या पुढे नळीनं जोडलेल्या `gzip`ला काहीच मिळालं नाही, पण काहीच न मिळणं ही त्याच्या दृष्टीनं चूक नाही. त्यानं ‘काहीच नाही’ नेटकं बांधून दिलं, आणि अपलोडनं ते इमानेइतबारे चढवलं. नळीनं जोडलेल्या आज्ञांचा निकाल शेल शेवटच्या आज्ञेवरून ठरवतं, म्हणून सगळं मिळून शून्य, म्हणजे ठीक. इकडे रोज एक रिकामी फाइल येत होती आणि तिकडे रोज एक चांगली प्रत तिशी ओलांडून पुसली जात होती. बाईंनी तो प्रश्न आणखी एक महिना विचारला नसता तर एकही खरी प्रत उरली नसती.

ती स्क्रिप्ट आम्ही पुन्हा लिहिली. तिचा गाभा एवढाच आहे:

```
#!/bin/bash
set -euo pipefail
trap 'curl -fsS -m 10 "$PING/fail"' ERR
f=/var/backups/suchi-$(date +%F).sql.gz
pg_dump -w suchi | gzip > "$f"
[ "$(stat -c %s "$f")" -gt 3000000000 ]
rclone copyto "$f" "door:prati/$(basename "$f")"
curl -fsS -m 10 --retry 3 "$PING"
```

दुसरी ओळ सांगते की कुठलीही आज्ञा फसली की तिथेच थांब. `pipefail`मुळे नळीतली मधली चूकही चूक धरली जाते. सहावी ओळ फाइल तीन जीबीहून मोठी आहे का ते पाहते. हा आकडा डेटाबेसकडे बघून ठरवायचा आणि डेटाबेस वाढेल तसा वाढवत न्यायचा, नाहीतर दोन वर्षांनी अर्धवट प्रतही त्यातून सुटेल. `PING` हा एका वेबपत्त्याचा संक्षेप आहे, त्याच्याकडे पुढे येतो. क्रॉनच्या ओळीतून विहीर काढली आणि तिथे `2>&1 | logger -t suchi-prat` असं लिहिलं, म्हणजे स्क्रिप्टचा प्रत्येक शब्द तारीख-वेळेसह मशीनच्या नोंदींत जाऊन बसतो आणि हवा तेव्हा `journalctl -t suchi-prat` म्हणून वाचता येतो.

पण नोंद ही कुणी वाचली तरच नोंद. शिवाय या स्क्रिप्टला एक गोष्ट कधीच कळवता येणार नाही: आपण चाललोच नाही, ही. मशीन बंद पडलं, नवीन सर्व्हरवर जाताना क्रॉनची ओळ राहून गेली, नेटवर्क तुटलं, तर तक्रार करायला स्क्रिप्ट जागेवर नसते, किंवा असली तरी तिचा आवाज बाहेर पोचत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीचा आहे. गिटलॅब या कंपनीत डेटाबेसची दुरुस्ती करताना एका अभियंत्यानं दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसायची आज्ञा दिली. लक्षात येऊन त्यानं ती थांबवली, तोवर सुमारे तीनशे जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर साठवण रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर चालत होता आणि बॅकअपची स्क्रिप्ट ९.२ चं `pg_dump` वापरत होती. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ते दररोज चूक सांगून थांबत होतं. चूक कळवणारी ईमेल जात होती का? जात होती. पण पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची जी पद्धत मेल सर्व्हर पाळतात, तिच्या अटी क्रॉनकडून निघालेली ती पत्रं पूर्ण करत नव्हती, म्हणून घेणारा सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी उपयोगी पडली ती एका अभियंत्यानं चाचणीच्या कामासाठी योगायोगानं सहा तास आधी हाताने घेतलेली डिस्कची प्रत. त्या सहा तासांतलं काम गेलं, त्यात सुमारे पाच हजार प्रकल्प होते. कंपनीनं हे सगळं तपशीलवार प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. ते वाचून या क्षेत्रातल्या कित्येकांनी आपापल्या साठवणीची यादी उघडून पाहिली असेल.

मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पत्रांचा भाग. तिथे इशारा देण्याची सोय होती. पण ती ‘बिघडलं तर बोल’ अशी होती, आणि बोलण्याचा रस्ताच बंद होता. बिघाड नसला तरी शांतता, बिघाड असून पत्र अडलं तरी तीच शांतता. दोन्ही शांतता बाहेरून सारख्याच दिसतात.

म्हणून सूत्र उलटं करायचं: ठीक असेल तेव्हा बोल, आणि तुझं बोलणं आलं नाही तर दुसरा कुणी ओरडेल. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला गाडी चालू असताना एक हँडल दाबून धरावं लागतं. भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक लागतात. इंग्रजीत त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात आणि आमच्या क्षेत्रातल्या या व्यवस्थेला त्यावरूनच डेड मॅन्स स्विच हे नाव पडलं आहे. स्क्रिप्टची शेवटची ओळ म्हणजे ते हँडल. वरच्या सगळ्या पायऱ्या पार पडल्या तरच `curl` तो `PING` पत्ता एकदा ठोठावतो. पलीकडे हेल्थचेक्स नावाचा प्रोग्राम वाट पाहत असतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं की दर चोवीस तासांनी टकटक यायला हवी, वर दोन तासांची सवलत. तेवढ्यात आली नाही तर तो माझ्या फोनवर निरोप पाठवतो. मध्येच काही फसलं तर `/fail`वर लगेच टकटक होते, एवढाच त्या `trap`चा उपयोग. तीही पोचली नाही तरी बिघडत नाही, सकाळी साडेचारनंतर पलीकडच्याला आपोआप कळतंच.

हा पलीकडचा खरोखर पलीकडे असावा लागतो. एका ठिकाणी मी पाहिलं, पहारेकरी प्रोग्राम बॅकअपच्याच सर्व्हरवर बसवलेला होता. सर्व्हर गेला की दोघेही एकदम गप्प. निरोप एकाच माणसाकडे जाऊ नये, कारण माणसं नोकऱ्या बदलतात आणि त्यांचे पत्ते बंद होतात. आणि या वाटेनं फक्त हाच निरोप यावा. जिथे दिवसाला चाळीस इशारे येतात तिथे एकेचाळिसावा कुणी वाचत नाही.

टकटक आली म्हणजे एवढंच कळतं, की पुरेशा आकाराची फाइल तयार झाली आणि चढली. तिच्यातून डेटाबेस परत उभा राहतो का, हे ती सांगत नाही. त्यासाठी दर तिमाहीला एक प्रत खाली उतरवून वेगळ्या मशीनवर पुन्हा बसवतो, हस्तलिखितांची संख्या मूळ सूचीशी ताडून पाहतो आणि चार-दोन छायाचित्रं उघडतो. त्याच दिवशी मुद्दाम एक चुकीचा पासवर्ड घालून स्क्रिप्ट चालवतो. मग संस्थेतल्या त्या बाईंना फोन करून विचारतो, कारण दुसरा निरोप त्यांच्याकडे जातो, “मॅडम, आला का?”