उलटा डबा

पहाटे साडेतीनला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कॅमेरा बाहेर काढण्याआधी मी दोन दिवस नुसती हिंडत होते. भाजी विकणाऱ्या मावशींच्या मागे गाळ्या-गाळ्यांतून फिरायचं, त्या मेथीची जुडी उचलून देठाशी दाबून बघतात ते पाहायचं आणि हमालांच्या वाटेत यायचं नाही. तिसऱ्या दिवशी कॅमेरा लावला, तेव्हा अडत्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना माझी सवय झाली होती.

भाजीवालीचा एक दिवस दाखवणारा छोटा माहितीपट करायचा, तर माझ्या मते कॅमेरा तिच्या पथारीइतका खाली हवा. उभ्या माणसाच्या उंचीवरून चित्रण केलं की ते गिऱ्हाईकाच्या नजरेचं होतं. मी पाटावर बसून ३५ मिलिमीटरची एकच लेन्स वापरली आणि प्रत्येक शॉट किमान अर्धा मिनिट चालू ठेवला. काहीच घडत नाही असं वाटतं, तेवढ्यात त्या पिवळं पान खुडून टाकतात, न बघता, बोलता बोलता. तो हात मला हवा होता. ट्यूबलाइटच्या उजेडात शटर १/५० वर ठेवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची. १/६० ठेवलं तर चित्रात उजेड लुकलुकतो आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सहज दिसतही नाही.

संमतीचा कागद मी नेला होता. मावशींना अक्षरं जुळवून वाचावं लागतं, म्हणून तो मीच मोठ्याने वाचला आणि त्यांचा होकार कॅमेऱ्यावर घेतला. पण खरं बोलणं त्यानंतर झालं. मी म्हटलं, "मावशी, नको वाटलं तर लगेच बंद कर म्हणा." त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक समोर असताना कसं म्हणू, ताई? त्याला वाटेल, त्याच्यापासून काही लपवतेय." मग त्यांनीच खूण ठरवली. भाजीवर पाणी शिंपडायचा डबा उलटा ठेवला की माझा कॅमेरा बंद. दिवसभरात तो दोनदा उलटा झाला. का, ते मी विचारलं नाही.

गिऱ्हाइकांसाठी तिकाटण्याला मराठीत पाटी बांधली होती, पण पाटी म्हणजे संमती नव्हे. पिशवी सांभाळत कोण वाचतं? म्हणून चौकटीत मी हात, पिशव्या आणि नोटाच ठेवल्या. चेहरा आला त्याला भाजी घेऊन झाल्यावर गाठून विचारलं. नाही म्हणणाऱ्यांचे शॉट त्याच संध्याकाळी पुसले.

आठवड्याने कच्चं संकलन त्यांच्या घरी दाखवलं. पहाटेच्या प्रसंगात अडत्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: मेथी आठ रुपये जुडी. पुढच्याच दृश्यात मावशी पंधराला विकत होत्या. मला ते जोडकाम फार आवडलं होतं. मावशींचा चेहरा उतरला.

"हे लोकांनी पाहिलं तर म्हणतील, बाई दुप्पट घेते."

मी म्हटलं, भाव काढून टाकते. त्या गप्प राहिल्या, मग बोटांवर हिशेब करायला लागल्या. शंभर जुड्यांचे आठशे. टेम्पो आणि हमाली ऐंशी. पंधराच्या भावाने गेल्या साठ, त्याचे नऊशे. अंधार पडल्यावर पंचवीस जुड्या पाच-पाच रुपयांना काढल्या, ते सव्वाशे. उरलेल्या पंधरा फेकल्या. आले एक हजार पंचवीस, गेले आठशे ऐंशी. मेथीवर दिवसाचे एकशे पंचेचाळीस.

"भाव राहू दे," त्या म्हणाल्या, "पण फेकलेली मेथी दाखव."

माझ्याकडे ती होती. रात्री आठनंतरचं चित्रण मी कंटाळवाणं म्हणून बाजूला ठेवलं होतं: रिकामी होत चाललेली पथारी, घसा बसलेली हाक, गोणपाट झटकणं आणि कडेला पडलेला पिवळा ढीग. भाव काढला असता तर मावशींची भीती मिटली असती, चित्रपट मात्र अर्धवटच राहिला असता. कागदावरच्या होकाराने हे कधीच कळलं नसतं, कारण होकार देताना कुठलं दृश्य कुठल्या दृश्याला चिकटणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं तर मलाही नव्हतं. तेव्हापासून कच्चं संकलन दाखवल्याशिवाय मी संमती पूर्ण झाली असं धरत नाही.

संकलन नव्याने केलं आणि पुन्हा दाखवायला गेले. मावशींनी शेवटपर्यंत पाहिलं आणि अडत्याचा चेहरा तेवढा काढायला सांगितला. त्याच्याकडे त्यांना रोज जायचं असतं. तो काढला, आवाज ठेवला. चित्रपट ११ मिनिटांचा झाला. त्यातलं शेवटचं सव्वा मिनिट त्या पंधरा जुड्यांचं आहे.