पाचशे साठ ग्रॅम

गोळ्यांच्या कारखान्यात मी रसायनज्ञ म्हणून रुजू झालो, तेव्हा स्वच्छता म्हणजे घरच्या सोवळ्यासारखे काही असावे, अशी माझी समजूत होती. सोवळ्यात बाहेरचा विटाळ आत येऊ द्यायचा नसतो. येथे मात्र आतली धूळ बाहेर जाऊ न देण्याचीच चिंता अधिक! म्हणून गोळ्या दाबण्याच्या खोलीतील हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा किंचित कमी ठेवतात. दार उघडले की वारा आत शिरतो, आणि एका औषधाची भुकटी शेजारच्या खोलीतील दुसऱ्या औषधात जाऊन बसत नाही.

परंतु माझी खरी परीक्षा धुळीने नव्हे, वहीने घेतली. एका घाण्याला तेथे बॅच म्हणतात. आमची पॅरासिटामॉलची बॅच एक लक्ष गोळ्यांची, छप्पन्न किलोंची. तीत शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट ५६० ग्रॅम घालून मिश्रण पाच मिनिटे फिरवावयाचे, म्हणजे गोळी यंत्राच्या साच्याला चिकटत नाही. एके दिवशी पाण्यात सुटण्यास पंधरा मिनिटांची मर्यादा असलेल्या त्या गोळ्या एकोणीस मिनिटे तशाच राहिल्या. सारी बॅच अडकून पडली.

मी मागच्या बॅचचे रेकॉर्ड शेजारी उघडून ओळीमागून ओळ ताडून पाहिली. वजने तीच, वेळा त्याच, सह्याही त्याच. फरक एकच: स्टिअरेटचा तपासणी क्रमांक निराळा होता. भांडार सांभाळणारे काका म्हणाले, "अहो साहेब, नाव तेच, शुद्धतेचा दाखला आहे; दुसऱ्या व्यापाऱ्याकडे स्वस्त मिळाले. यात माझे काय चुकले?" त्यांना काय उत्तर देणार? मालाच्या त्या चिठ्ठीवर माझीच सही होती.

शुद्धता सारखी असली तरी नवी भुकटी फार बारीक होती. स्निग्ध असल्यामुळे ती दाण्यांवर पातळ पापुद्र्यासारखी पसरते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. जितकी बारीक, जितका वेळ फिरवावी, तितकी अधिक. दोन दोन किलोंचे प्रयोग केले. जुन्या स्टिअरेटने गोळी नऊ मिनिटांत सुटली, नव्याने अठरा. नवे दोनच मिनिटे फिरवले तेव्हा ती वेळेत सुटली खरी, पण पंचाला चिकटू लागली. अखेर आम्ही जुन्याच व्यापाऱ्याकडे परतलो. अडकलेली बॅच नष्ट झाली.

बदलाची नोंद आधी करून, तिचा परिणाम तपासून, मगच माल घ्यावा हा नियम सुधारित अनुसूची 'एम'मध्ये स्पष्ट आहे. आमच्याकडे त्याचा छापील अर्ज पूर्वीही होता. तो केवळ यंत्र बदलले तरच भरावयाचा, असा आम्हां सर्वांचा समज होता. परवा काका अर्ज घेऊन आले. गोण्यांचा व्यापारी बदलावयाचा होता, आणि गोण्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचा नमुना त्यांनी स्वतःच सोबत आणला होता.