सबबींची ढाल

मतभेदाचा प्रसंग आला कीं आपलें माणूस आपलें म्हणणें ऐकून न घेतां आधीं सबबींची ढाल पुढें करतें, अशी तक्रार विवाहित स्त्रीपुरुषांकडून आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. तक्रार करणारा तेवढ्यावर थांबत नाहीं; त्या ढालीचा अर्थही तो लावून मोकळा होतो. कोणी म्हणतो, यांना आमची पर्वाच नाहीं. कोणी म्हणतो, मनांत न्यूनगंड आहे, दुसरें काय! आमच्या मतें यांपैकीं कोणत्याही निर्णयास नुसता बचाव हा पुरावा म्हणून पुरत नाहीं. बचावापूर्वीं काय बोललें गेलें आणि राग निवळल्यावर काय घडलें, हें पाहिलेंच पाहिजे.

गोंदियास लागून असलेल्या मुर्री येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गोष्ट घेऊं. पति गोंदियास नोकरीला, पत्नी शिक्षिका. सासूबाईंच्या मोतीबिंदूची तपासणी एका सोमवारीं ठरली होती. त्यांस नेण्याचें काम पतीकडे होतें आणि तें राहून गेलें. सायंकाळीं ते घरांत पाऊल टाकतात तोंच पत्नी म्हणाली, “तुमचें नेहमींचेंच आहे. घरच्या माणसांची तुम्हांला कधीं आठवणच राहत नाहीं.” उत्तर तयारच होतें : “सकाळीं आठवण करून द्यायला तुला काय झालें होतें? आणि मागच्या महिन्यांत विजेचें बिल कोण विसरलें?” बाईंनीं आमच्याकडे येऊन निर्वाळा दिला, “काका, यांना स्वतःच्या आईचेंही कांहीं वाटत नाहीं.”

या संवादांत तपासणीचा उल्लेखच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. ‘नेहमीं’ आणि ‘कधीं’ या दोन शब्दांनीं एका सोमवारची चूक साऱ्या स्वभावावर नेऊन ठेविली, आणि पति बचाव करूं लागले तो त्या चुकीचा नव्हे, तर स्वभावाचा. अमेरिकेंत वॉशिंग्टन विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनीं जोडप्यांचीं संभाषणें चित्रित करून व नाडीचे ठोके मोजून पुष्कळ वर्षें हाच विषय अभ्यासिला. स्वभावावर टीका झाली कीं बहुधा पाठोपाठ बचाव येतो, असें त्यांचें म्हणणें आहे. नाडी मिनिटास शंभराच्या वर गेली म्हणजे माणसाची ऐकून घेण्याची शक्तिच कमी होते. अशा वेळीं निदान वीस मिनिटें वाद थांबवावा, असें ते सांगतात. ‘त्याचें जेवण होऊं दे, मग काय तें बोल’ असें म्हणणाऱ्या आमच्या आजीस ठोके मोजतां येत नव्हते, एवढेंच.

आतां पुढें काय झालें तें पाहा. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत पति रुग्णालयांत जाऊन नवी तारीख घेऊन आले व गुरुवारीं आईस घेऊन गेले. पत्नीस मात्र त्यांनीं अक्षरही सांगितलें नाहीं. अनास्थेचा आरोप येथेंच पडतो. पुढें रविवारीं चहा झाल्यावर आमच्या सांगण्यावरून बाई म्हणाल्या, “सोमवारीं तपासणी राहिली तेव्हां मला आईंची फार काळजी वाटली. पुढच्या तारखा कोणी लक्षांत ठेवायच्या तें आज ठरवूं या.” पति जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सोमवारचें माझ्याकडूनच राहिलें.” त्यांच्या लहानपणीं चूक कबूल केली कीं वडील ती पाहुण्यांपुढें महिनोन्‌महिने उगाळीत. कबुलीआधीं उलट प्रश्न टाकावा, ही विद्या ते तेथें शिकले. ही त्यांची भांडण निभावण्याची रीत झाली. सौम्य शब्दांनाही ‘म्हणजे मी नालायकच ना?’ असें उत्तर येतें व तें पुनःपुन्हां येतें, तर मात्र खोल असुरक्षितपणाचा संशय घ्यावा. आणि दुसरी तारीखही चुकली असती, रविवारीं ते वर्तमानपत्र वाचीत राहिले असते, तर अनास्थेचें नांव घेण्यास आम्ही कचरलों नसतों.

रीत निराळी म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीं. मंगळवारची खटपट लपविल्यामुळें बाईंचे कित्येक दिवस नाहक संतापांत गेले. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत न्यायमूर्तींच्या नाराजीच्या मौनाचा एक प्रसंग आहे. तें मौन अनास्थेचें खास नव्हतें. परंतु माफी मागावी लागली ती रमाबाईंनाच, हेंही तितकेंच खरें. जेथें प्रत्येक वादाचा दोष अखेर एकाच्याच पदरीं पडतो आणि त्यास बोलण्याचीच धास्ती वाटूं लागते, तेथें ‘त्यांची रीतच तशी’ हें समाधान आम्ही तरी कोणास देणार नाहीं.

मुर्रीच्या सासूबाईंना शस्त्रक्रियेचा दिवस मिळाला आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तो चिरंजीवांनीं स्वतः लिहिला. सबबी अजून निघतात; पण हल्लीं अर्ध्या तासानें ते आपण होऊन परत बोलावयास येतात, असें बाई परवां सांगत होत्या.