बर्फीचा माळा

पावसाळ्यात मुंबईत काय काय वाळत नाही, याची यादी प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असते. टॉवेल वाळत नाहीत, मुलांचे मोजे वाळत नाहीत, आणि सासूबाईंची नऊवारी तर पंख्याखाली दोन दिवस घातली तरी काठाशी दमटच राहते. या यादीत आमच्या घरी आणखी एका नगाची भर पडली आहे. तो नग म्हणजे आमची कुत्री, बर्फी.

बर्फीला सगळी इमारत 'पोमेरियन' म्हणते. आपल्याकडे पांढरा, टोकदार कानांचा, पाठीवर शेपटीचा तुरा वळवून चालणारा जो कुत्रा घरोघर दिसतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातल्या टफीने घरोघरच्या मुलांना वेड लावले, तो याच जातीचा. हे कूळ मूळचे थंड प्रदेशातले, आणि त्याची खूण त्याच्या अंगावर अजून शाबूत आहे. बर्फीच्या पाठीवरचे केस बोटांनी दुभंगून पाहिले तर दोन थर दिसतात. वरचे केस लांब, सरळ आणि जरासे राठ. त्यांच्या बुडाशी दाट, मऊ लोकर, पिंजलेल्या कापसासारखी.

आता उन्हाळा सुरू झाला की आमच्या घरी दरवर्षी एक वाद होतो. सासूबाई म्हणतात, "अगं, मे महिन्यात तिला लोकरीचा कोट घालून काय बसवलंस! मुका जीव, बोलता येत नाही म्हणून सोसतो. काढून टाक ते केस एकदाचे, मशीन फिरवून." त्यांचे म्हणणे मायेचे असते आणि ऐकणाऱ्याला पटतेही. पण ते बरोबर नाही, हे मला आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ज्या पद्धतीने सांगितले, त्याच पद्धतीने मी सासूबाईंना सांगितले.

डॉक्टर कोकणातले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कौलारू घर पाहिलं आहे ना? वर कौलं, खाली माळा. कौलं पाऊस आणि ऊन अंगावर घेतात, आणि माळ्यातली हवा ती उष्णता खालच्या खोलीत पोचू देत नाही. कुत्र्याचे वरचे केस ही कौलं आणि खालची लोकर हा माळा. उन्हाळ्यात उकडतं म्हणून कोणी घराचं छप्पर काढतं का?"

सासूबाई आमच्या गुहागरच्या. छपराची उपमा त्यांना लगेच कळली. पण त्यांनी तितक्याच लगेच प्रश्न टाकला, "मग ती धापा का टाकते?"

याचे उत्तर असे की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा येतो तो पंजांच्या तळव्यांना. उकाड्यात अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत सोडून बाहेर घालवतो. आपण घामाने भिजलेले असतो, म्हणून पंख्याखाली गार वाटते. कुत्र्याचे केस उतरवले म्हणून त्याच्या कातडीला घाम फुटू लागत नाही. आणि मुंबईच्या दमट हवेत अडचण नेमकी धापांचीच होते. हवा आधीच बाष्पाने भरलेली, जिभेवरचा ओलावा तिच्यात जाणार कुठे? म्हणून अशा दिवसांत बर्फीचे फिरणे सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. दुपारी ती स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर पोट टेकून पडते, आणि फारच उकडले तर मी तिचे पंजे व पोटाची विरळ केसांची बाजू ओल्या फडक्याने पुसून पंखा लावते. धापा थांबेनाशा झाल्या, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा चाल अडखळली, तर मात्र केस ओले होतील याचा विचार करायचा नाही. अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि तडक डॉक्टर गाठायचे.

समोरच्या वहिनींचा सोन्या बर्फीच्याच जातीचा. २०२२ च्या मे महिन्यात वहिनींनी त्याला केस कापायच्या दुकानात नेले आणि अंगभर मशीन फिरवून आणले. पहिले आठ दिवस सगळे खूष. सोन्या निम्म्याने लहान दिसू लागला, मुले त्याला 'बकरी' म्हणू लागली. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीची गुलाबी कातडी उन्हाने लाल झाली, आणि रोजच्या फेरीवरून आला की तो भिंतीला पाठ घासू लागला. गणपती आले तेव्हा मानेवर आणि पोटाशी मऊ लव उगवली होती, पण पाठ आणि मांड्या तशाच उघड्या. दिवाळीतही तेच. वहिनी रडकुंडीला आल्या. कोणी म्हणे खरूज, कोणी म्हणे दृष्ट. शेवटी रक्त तपासले, कारण केस न येण्यामागे कधीकधी थायरॉइडसारख्या ग्रंथीचा विकार असतो. तसे काही निघाले नाही.

डॉक्टरांनी वहिनींना समजावले ते असे. आपल्या डोक्याचे केस बहुतेक वेळ वाढत असतात, म्हणून कापले की महिन्याभरात फरक दिसतो. या जातींचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो आणि मग त्याचे मूळ कित्येक महिने विसावते. वरचा केस कापला गेला, याचा त्या झोपलेल्या मुळाला पत्ताच नसतो. त्याची पाळी येईल तेव्हाच ते जागे होणार. कुणाचे केस चार-सहा महिन्यांत येतात, कुणाला दीड-दोन वर्षे लागतात, आणि एखाद्याचे पहिल्यासारखे कधीच येत नाहीत. पुष्कळदा आधी लोकर वाढते आणि राठ केस मागे राहतात. म्हणजे माळा तयार, पण कौले नाहीत! तसे अंग पाणी धरून ठेवते आणि जरा हात फिरवला नाही की गुंतते. सोन्याची पाठ भरायला २०२३ ची दिवाळी उजाडली, आणि कमरेवर अजूनही लोकरच अधिक आहे. त्या दीड वर्षात वहिनींनी त्याला उन्हात नेताना सुती झबले घातले. केसांपेक्षा ते झबलेच त्याला अधिक उकडत असणार.

मग उकाड्यासाठी करायचे तरी काय? माळा काढायचा नाही, माळा आवरायचा. माळ्यावर अडगळ साचली की हवा खेळत नाही. तसेच सुटलेली लोकर जिथल्या तिथे अडकून तिचा नमदा झाला की कातडीला वारा लागत नाही. म्हणून बर्फीचा एकदिवसाआड ब्रश होतो. वरवर फिरवला तर केस चकचकीत दिसतात आणि आत गुंता तसाच राहतो. एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून खालच्या केसांतून थोडाथोडा ब्रश ओढायचा. मग रेघ बोटभर वर सरकवायची. शेवटी धातूचा कंगवा मुळापर्यंत घालून पाहायचा. तो अडखळला नाही तर काम झाले.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरते, आणि पावसाळ्यात ती आम्ही उघडिपीच्या सकाळी ठेवतो. आंघोळीआधी कोरड्या अंगावर ब्रश हवाच, कारण गुंत्यावर पाणी पडले की तो ओल्या सुतळीच्या गाठीसारखा आवळतो. पाणी कोमट. राठ केस पहिले दोन-तीन तांबे नुसते ओघळून देतात, तेव्हा तळव्याने दाबत दाबत पाणी कातडीपर्यंत न्यावे लागते. शाम्पू कुत्र्यांसाठी केलेलाच घ्यावा, कारण त्यांची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते. तो बाटलीतून थेट न ओतता तांब्याभर पाण्यात कालवून घेते, म्हणजे एका जागी घट्ट बसत नाही. लावायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट धुवायला. खाली पडणारे पाणी निवळले तरी आणखी दोन तांबे घालावेत.

खरे काम मात्र यानंतरच. टॉवेलने चोळायचे नाही, गुंता होतो. दाबून पाणी टिपायचे. मग टेबलपंखा समोर ठेवून, तीच रेघेरेघेची पद्धत वापरून ब्रशने केस उलगडत वाळवायचे. केस वाळवण्याचे यंत्र असेल तर गार हवेवर. या साऱ्याला दीड तास लागतो. वरचे केस अर्ध्या तासात फुलून येतात आणि कुत्रा वाळल्यासारखा दिसतो, पण तो वाळलेला नसतो. हाताची मागची बाजू केसांच्या मुळाशी टेकवावी. गार लागले तर ओल आहे. कानामागे, पुढच्या पायांच्या मध्ये छातीवर आणि मांड्यांच्या मागे ती हमखास सापडते.

ती ओल राहिली तर काय होते, ते २०२३ च्या जुलैत दिसले. बर्फी चार दिवस माझ्या नणंदेकडे होती. तिथे ती पावसात भिजली आणि वरवर पुसली गेली. घरी आली तेव्हा अंगाला आंबूस वास येत होता आणि ती डावा कान सारखी खाजवत होती. संध्याकाळी कानामागे रुपयाएवढा ओलसर लाल डाग होता, केस त्यावर चिकटलेले. सकाळी तो तळहाताएवढा झाला, आणि ती हात लावू देईना. दमट लोकरीखाली जंतू वाढतात, खाज सुटते, खाजवल्याने कातडी सोलवटते आणि काही तासांत जखम पसरते. डॉक्टरांनी त्या जागेभोवतीचे केस कापले, जखम स्वच्छ केली, औषध दिले आणि खाजवू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली. आठवड्याभरात जखम सुकली.

सासूबाई मांडीवर हात मारून म्हणाल्या, "बघ, शेवटी भादरलीच ना!"

"अहो आई," डॉक्टर हसून म्हणाले, "गळतीच्या जागची चार कौलं काढावीच लागतात. सगळं छप्पर नाही उतरवायचं." शस्त्रक्रियेची जागा, सुटणारच नाही असा नमदा, पंज्यांच्या गाद्यांमधले केस, शेपटीखालची स्वच्छतेची जागा, एवढ्यापुरती कात्री चालते, असेही त्यांनी सांगितले. आणि मग म्हणाले, ओल्या दिवसांत तळहात मुळाशी घालून रोज एकदा अंग चाचपत जा, नाकही जवळ न्या. डाग दिसण्याआधी वास येतो.

त्या दिवसापासून हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे. रात्री जपाची माळ ठेवली की त्या बर्फीला जवळ बोलावतात, कानामागे हात घालतात, नाक लावून पाहतात आणि मला निकाल सांगतात. निकाल बहुधा "कोरडी आहे" असाच असतो. पण आभाळ भरून आलेल्या शनिवारी त्या हळूच विचारतात, "काय गं, उद्या माळा आवरायचा ना?"