चतुःसीमा

खरेदीखतात घराचे वर्णन त्याच्या शेजाऱ्यांवरून करतात, हे मला आमचे वारणाकाठचे घर विकताना प्रथमच कळले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील बाकावर बसून मी मसुदा वाचत होते. पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, उत्तरेस परडे व त्यातील विहीर. सोपा, माजघर, देवघर यांचा उल्लेख कोठेच नव्हता. होते ते केवळ क्षेत्रफळ आणि या चार बाजू. कायद्याच्या दृष्टीने घर म्हणजे इतरांच्या मधोमध उरलेली जागा.

घर विकावे असे कोणालाही मनापासून वाटत नव्हते. परंतु 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी कित्येक दिवस सोप्यात उभे राहिले. पांढऱ्या मातीच्या भिंती वरून धड दिसत, पण आतून ओल सुटत नव्हती. पाणी ओसरल्यावर मागची भिंत एका रात्री बसली. 2021 मध्ये पुन्हा पूर आला आणि माजघराची तुळई खचली. आई तोवर दादाकडे सांगलीला राहावयास गेली होती. घरात दिवा लावणारे कोणी उरले नव्हते. देवघरातील पार्श्वनाथांची मूर्ती नित्य पूजेविना राहू नये, म्हणून ती गावच्या मंदिरात विराजमान केली. मला वाटते, घर खरे तर त्याच दिवशी रिकामे झाले. पुढचा सारा व्यवहार कागदांचा होता.

आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद करून घेणे राहूनच गेले होते. ती करताना दोन्ही आत्यांची आणि माझीही नावे लागली. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यात मुलींचा हक्क आहे. आमच्या सह्यांविना व्यवहार होणार नव्हता. लग्नानंतर मी त्या घरी पाहुणी म्हणूनच जात असे. ज्या घराच्या कागदावर माझे नाव कधी नव्हते, त्यावर ते लागले ते घर विकण्यासाठीच. खरेदीखतात मी ‘लिहून देणार’ झाले. अंगठ्याचा ठसा घेतला, छायाचित्र काढले, ओळखदारांनी सह्या केल्या. थोरल्या आत्यांचे वय ब्याऐंशी. यंत्रावर त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. चार-पाच वेळा पुसून पुन्हा टेकवावा लागला. “माझ्या अंगठ्यालाच द्यायचं नाही गं,” एवढेच त्या म्हणाल्या. कोणीही हसले नाही.

त्या दिवशी मला परड्यातली विहीर सारखी आठवत राहिली. आजी दुहेरी फडक्यातून पाणी गाळी आणि गाळण्यावर उरलेली जीवाणी परत विहिरीत सोडी. त्यासाठी तळाशी कडी असलेला लहान पोहरा होता. तो पाण्याला टेकेपर्यंत अलगद उतरवायचा आणि मग दोरीने उलटा करायचा. वरून ओतले तर जीवांना इजा होते. मी एकदा आळसाने म्हटले, “आजी, मंदिराच्या आडात टाकू का? तो जवळ आहे.” आजी म्हणाली, “नको. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात गेले पाहिजेत. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत.”

पुण्यात राहून मला सत्तावीस वर्षे झाली. इतकी वर्षे आपण दुसऱ्या पाण्यात आहोत असे मला कधी जाणवले नव्हते. आता कळते की परतण्याजोगी एक विहीर मागे आहे, या भरवशावर ती वर्षे गेली. वर्षातून दोन दिवस जाणे होई, कधी तेही नाही, पण “गाव कोणते?” या प्रश्नाला उत्तर देताना अडखळावे लागत नसे. हल्ली गावाचे नाव सांगते आणि पुढचा प्रश्न येण्यापूर्वीच विषय बदलते. “घर आहे का तिथे?” याला काय उत्तर द्यावे?

वास्तू हाही परिग्रहच, हे लहानपणापासून ऐकले आहे आणि मला ते पटतेही. दुःख मालकी गेल्याचे नाही. ती तर माझ्याकडे काही महिनेच होती. आपण कोठले, हे सांगणारी खूण गेल्याचे ते आहे.

पर्युषणानंतर क्षमापनेसाठी गावी गेले, तेव्हा पूर्वेकडच्या काकूंकडे उतरले. बोलता बोलता काकांनी त्यांच्या घराचा जुना कागद दाखवला. चतुःसीमेत लिहिले होते : पश्चिमेस, आणि पुढे माझ्या आजोबांचे पूर्ण नाव. काका म्हणाले, “हे कोण बदलणार? आमचं घर विकेपर्यंत तुमचे आजोबा आमच्या पश्चिमेलाच.”

काकांचे दोन्ही मुलगे बंगळूरला असतात. मी तो कागद पूर्वीसारखाच घडी घालून त्यांच्या हाती दिला.